ऑनलाइन ऑर्डरला उशीर झाल्याची औपचारिक तक्रार : मध्यम स्तराच्या मराठी परीक्षेत हा ई-मेल कसा लिहावा

मी मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवते. माझ्या वर्गात इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील मुले असतात, तशीच नोकरीनिमित्त महाराष्ट्रात आलेली मोठी माणसेही असतात. मध्यम स्तराच्या परीक्षेसाठी तक्रारीच्या ई-मेलचा सराव सुरू झाला की बहुतेकांची धावपळ शब्दसंग्रहासाठी होते. ‘दिरंगाई’, ‘मनस्ताप’, ‘गैरसोय’ असे शब्द ते पाठ करून येतात. गुण मात्र शब्दांच्या अभावी फारसे जात नाहीत. काय घडायला हवे होते, प्रत्यक्षात काय घडले आणि आता नेमके काय हवे आहे, या तीन गोष्टी वाचणाऱ्याला वेगवेगळ्या दिसत नाहीत, तिथे ते जातात. मराठीत या तिन्हींसाठी क्रियापदाची वेगवेगळी रूपे आहेत, आणि ती जमली की ई-मेलचा सांगाडा आपोआप उभा राहतो. हे एकाच सरावप्रश्नाच्या आधारे पुढे सविस्तर दाखवले आहे.

प्रश्न असा आहे : ‘तुम्ही एका संकेतस्थळावरून बॅडमिंटनच्या दोन रॅकेट मागवल्या आहेत. सांगितलेली तारीख उलटून गेली तरी त्या मिळालेल्या नाहीत. संबंधित विक्रेत्याला १२० ते १५० शब्दांत तक्रारीचा ई-मेल लिहा. त्यात काय व केव्हा मागवले, किती उशीर झाला आहे, त्यामुळे कोणती अडचण येत आहे आणि तुमची अपेक्षा काय आहे, हे चार मुद्दे यायला हवेत.’ वेळ तीस मिनिटे.

लिहिण्याआधीची पाच मिनिटे

पहिली पाच मिनिटे ई-मेल लिहायला घेऊ नये. कच्च्या कागदावर फक्त तारखा मांडाव्यात. प्रश्नात तारखा दिलेल्या नसतील तर त्या आपणच ठरवायच्या असतात, आणि त्या एकमेकींशी जुळणे आवश्यक असते. आपण असे ठरवू : ऑर्डर २ डिसेंबरला नोंदवली, रॅकेट ७ डिसेंबरपर्यंत येणार होत्या, ८ तारखेपासून ॲपवर ‘वितरणासाठी रवाना’ अशी नोंद दिसते आहे, ९ आणि १२ तारखेला आपण दूरध्वनी केला, आज १४ डिसेंबर आहे आणि शाळेची तालुकास्तरीय स्पर्धा २० डिसेंबरला आहे.

एवढ्या एका ओळीत चारपैकी तीन मुद्द्यांची सामग्री आली. उशीर सात दिवसांचा आहे हे त्यातून दिसते आणि अडचण कोणती तेही दिसते. शेवटची तारीखही याच ओळीतून निघते. स्पर्धा २० तारखेला असेल तर रॅकेट १९ तारखेला मिळून उपयोग नाही, कारण नव्या रॅकेटचे वजन आणि तारांचा ताण हाताला सवयीचा व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून १७ डिसेंबर ही आपली मुदत. मागणी अडचणीतून निघाली की ती हट्टाची वाटत नाही. तपासणाऱ्यालाही असा मजकूर तुटक मुद्द्यांसारखा न वाटता सलग वाटतो. तारखा आधी न मांडता लिहिलेल्या ई-मेलमध्ये मी अनेकदा पाहिले आहे की ऑर्डर १० तारखेची असते आणि पहिला फोन ९ तारखेचा असतो. अशी विसंगती एकदा दिसली की बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही कमी होतो.

कोणाला लिहायचे, आणि विषयाची ओळ

ई-मेल विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावा. हे पद परीक्षेपुरते बनवलेले नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेने असा अधिकारी नेमणे आणि त्याचा संपर्क आपल्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर देणे बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्यावर ४८ तासांच्या आत तिची पोच देणे आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करणे हीदेखील त्या अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. सामान घेऊन येणाऱ्या मुलाविषयी किंवा कुरिअर कंपनीविषयी तक्रार लिहू नये. आपण पैसे विक्रेत्याला दिलेले असतात, त्यामुळे वस्तू पोहोचवण्याचे उत्तरही त्यानेच द्यायचे असते.

विषयाच्या ओळीत ‘तक्रार’ एवढेच लिहिणारे विद्यार्थी बरेच असतात. त्या ओळीवरून ई-मेल उघडण्याआधीच तो कोणत्या ऑर्डरविषयी आहे आणि काय बिघडले आहे, हे कळले पाहिजे. त्यासाठी मराठीत ‘-ल्याबाबत’ ही सोयीची रचना आहे : ‘ऑर्डर क्रमांक ४०७१२२८६ : बॅडमिंटन रॅकेट मुदतीत न मिळाल्याबाबत तक्रार’. इथे ‘न’ क्रियापदाच्या आधी येतो, हे लक्षात ठेवावे. ‘मिळाल्या नाहीतबाबत’ अशी रचना मराठीत होत नाही, तरी ती सरावाच्या वह्यांत वरचेवर भेटते.

‘ऑर्डर’ या शब्दाबद्दल इथेच सांगते. काही जण औपचारिक भाषा म्हणून ‘मागणी’ असे लिहितात आणि तो शब्द चुकीचा नाही. मात्र याच ई-मेलच्या शेवटी आपण विक्रेत्याकडे काहीतरी मागणार असतो. तिथे पुन्हा ‘माझी मागणी’ आले की पहिली मागणी कोणती आणि दुसरी कोणती, असा घोळ होतो. म्हणून मी ‘ऑर्डर’ हाच शब्द ठेवायला सांगते. तो मराठीत स्त्रीलिंगी रुळला आहे : ऑर्डर नोंदवली, ऑर्डर रद्द केली.

तीन रूपे, ज्यांवर सगळा मजकूर उभा राहतो

आता मुख्य भाग. वर्गातील सरावात दिसणाऱ्या नेहमीच्या चुका एकत्र करून मी पुढचा परिच्छेद तयार केला आहे :

> मी तुम्हाला हा ई-मेल लिहीत आहे कारण मी खूप रागावलो आहे. मी तुमच्या वेबसाइटवरून दोन रॅकेट ऑर्डर केलो होतो आणि ते ७ तारखेला येतील. पण ते अजून येत नाही. मी फोन पण केलो पण काही झाले नाही. तुमची सर्व्हिस एकदम बेकार आहे. लवकरात लवकर काहीतरी करा नाहीतर मी पोलिसांत जाईन.

अर्थ कळतो, म्हणून विद्यार्थ्याला वाटते की काम झाले. पण पहिले वाक्य बघा. ‘मी हा ई-मेल लिहीत आहे कारण’ हे मराठी पत्राचे वाक्य नाही. मराठीत पत्र थेट घटनेपासून सुरू होते आणि पत्र कशासाठी आहे ते विषयाची ओळ आधीच सांगते. हे वाक्य काढून टाकले की अकरा शब्दही वाचतात. रागाचे वाक्यही काढावे, कारण सात दिवसांचा उशीर आणि दोन निष्फळ दूरध्वनी यांतून नाराजी आपोआप पोहोचते.

त्यानंतर ‘मी ऑर्डर केलो होतो’. ज्यांच्या मातृभाषेत भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते, त्यांच्याकडून ही चूक हमखास होते. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माकडे पाहते. रॅकेट स्त्रीलिंगी आणि इथे दोन, म्हणून ‘मी दोन रॅकेट मागवल्या होत्या’. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, ‘मागवल्या’ बदलत नाही. त्याच न्यायाने ‘मी किंमत भरली’, ‘मी पैसे भरले’, ‘मी दूरध्वनी केला’. रॅकेट एकदा ‘त्या’ ठरल्या की शेवटपर्यंत ‘त्या’च राहिल्या पाहिजेत. मध्येच ‘ते’ झाल्या तर वाचणारा दुसरी कुठली वस्तू शोधू लागतो.

आता काळाकडे वळू. तक्रारीत तीन काळ एकाशेजारी उभे असतात. आपण जे केले ते पूर्ण होऊन मागे पडले आहे : ‘मागवल्या होत्या’. विक्रेत्याने जे सांगितले ते त्या वेळी भविष्य होते, पण आज तेही मागे पडले आहे, आणि यासाठी मराठीत ‘-णार होत्या’ हे नेमके रूप आहे : ‘७ डिसेंबरपर्यंत मिळणार होत्या’. वरच्या परिच्छेदातील ‘७ तारखेला येतील’ हे वाक्य १४ तारखेला लिहिले तर अर्थच बिघडतो, कारण ७ तारीख अजून यायची आहे असे त्यातून वाटते. तिसरी आजची स्थिती : ‘अद्याप मिळालेल्या नाहीत’. इथे ‘मिळत नाहीत’ लिहिले तर बाजारात ही वस्तू मिळत नाही, असा अर्थ होतो. नुसते ‘मिळाल्या नाहीत’ चालते, पण ‘मिळालेल्या नाहीत’मध्ये ती स्थिती आजपर्यंत कायम आहे हे अधिक स्पष्ट होते. औपचारिक लेखनात मी तेच रूप वापरायला सांगते.

यांपैकी शेवटची दोन रूपे एका लांब वाक्यात गुंफता आली तर मध्यम स्तराच्या परीक्षेत अपेक्षित असलेली जोडवाक्याची क्षमताही दिसते : ‘ऑर्डरच्या पावतीनुसार या रॅकेट ७ डिसेंबरपर्यंत मिळणार होत्या, परंतु आज, १४ डिसेंबरपर्यंत, त्या मला मिळालेल्या नाहीत.’ बोलण्यातला ‘पण’ लिहिताना ‘परंतु’ किंवा ‘मात्र’ होतो. वरच्या परिच्छेदात एकाच वाक्यात ‘पण’ दोनदा आला आहे, एकदा ‘सुद्धा’च्या अर्थाने आणि एकदा ‘परंतु’च्या अर्थाने. औपचारिक ई-मेलमध्ये हे दोन्ही टाळावेत.

आधी केलेला पाठपुरावा

प्रश्नात हा मुद्दा मागितलेला नसला तरी एक-दोन वाक्ये त्यासाठी ठेवावीत, कारण लेखी तक्रारीची वेळ का आली ते त्यातून कळते. समोरच्याने काय सांगितले ते लिहिताना कर्मणी रचना वापरावी : ‘दोन दिवसांत रॅकेट पोहोचतील, असे सांगण्यात आले.’ ‘तुमच्या माणसाने मला खोटे सांगितले’ या वाक्यात आपण समोरच्याच्या हेतूवर आरोप करतो आणि तो आपल्याला सिद्ध करता येत नाही. ‘असे सांगण्यात आले, मात्र तसे झाले नाही’ यात फक्त घडलेले आहे, आणि ते पुरेसे बोलके आहे. ‘सांगण्यात आले’ या रचनेत क्रियापद नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी राहत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ‘माहिती देण्यात आली’, ‘आश्वासन देण्यात आले’, ‘पैसे परत करण्यात आले’ अशी ती नामाप्रमाणे बदलते.

मागणी

चौथा मुद्दा सर्वांत कमकुवत उतरतो. ‘लवकरात लवकर काहीतरी करा’ यात काय करायचे तेही नाही आणि केव्हापर्यंत तेही नाही. मागणीत कृती, तारीख आणि ते न जमल्यास काय, या तीन गोष्टी असाव्यात. इथे ‘करा’ असा थेट आज्ञार्थ न वापरता ‘करावी’, ‘कळवावे’ असा विध्यर्थ वापरतात. त्यात आदरही राहतो आणि ठामपणाही. ‘व्यवस्था’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘व्यवस्था करावी’. ‘रक्कम परत करावी’. आणि कर्म नसेल तेव्हा ‘कळवावे’. ‘कराल का?’ असा प्रश्न विचारू नये, त्याने तक्रारीचा जोर जातो.

पर्याय देणे वेगळे आणि दोन गोष्टी एकदम मागणे वेगळे. ‘रॅकेट पाठवाव्यात आणि पैसेही परत करावेत’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. ते अन्यायाचे होते आणि उत्तरपत्रिकेत गोंधळाचे दिसते. ‘ते शक्य नसल्यास’ हे शब्द मध्ये घातले की दोन मागण्यांचा क्रम लागतो. पैसे परत मागणे अवाजवी नाही. सांगितलेल्या मुदतीनंतर वस्तू आली, तर ती परत घ्यायला किंवा तिचे पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे वर सांगितलेल्या नियमांत आहे. पूर किंवा तत्सम आटोक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर मात्र ही तरतूद लागू होत नाही. परीक्षेच्या ई-मेलमध्ये नियमाचा उल्लेख करण्याची गरज नाही. केलाच तर एका उपवाक्यापुरता करावा, नाहीतर शब्दमर्यादा त्यातच संपते. पोलिसांची धमकी तर मुळीच नको. उशिरा आलेल्या ऑर्डरसाठी पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन ही असते, तिचा क्रमांक १९१५ आहे, आणि पहिल्याच ई-मेलमध्ये तिचाही उल्लेख करू नये. दुसऱ्या, स्मरणपत्राच्या ई-मेलमध्ये तो शोभतो.

उत्तर केव्हापर्यंत हवे, तेही सांगावे. १४ तारखेच्या ई-मेलला ४८ तासांत पोच अपेक्षित असल्याने १६ डिसेंबर ही तारीख योग्य ठरते.

संबोधन सुरुवातीपासून ‘आपण’ ठेवावे. ‘आपल्या संकेतस्थळावरून’ असे सुरू करून पुढे ‘तुमची सेवा’ आले की गुण जातात. ‘तुम्ही’ हा शब्द अनादराचा नसला तरी एका मजकुरात दोन संबोधने चालत नाहीत. उलट टोकाला जाऊन ‘आपल्या सेवेशी सविनय सादर’ असेही लिहू नये. ती भाषा अर्जाची आहे, आणि इथे आपण पैसे भरलेले ग्राहक आहोत.

पूर्ण ई-मेल

> दिनांक : १४ डिसेंबर २०२५
>
> प्रति,
> मा. तक्रार निवारण अधिकारी,
> कखग क्रीडा साहित्य, पुणे
> takrar@example.com
>
> विषय : ऑर्डर क्रमांक ४०७१२२८६ : बॅडमिंटन रॅकेट मुदतीत न मिळाल्याबाबत तक्रार
>
> महोदय/महोदया,
>
> मी २ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या संकेतस्थळावरून बॅडमिंटनच्या दोन रॅकेट मागवल्या होत्या. त्यांची १,८५० रुपये किंमत मी त्याच दिवशी यूपीआयद्वारे भरली आहे.
>
> ऑर्डरच्या पावतीनुसार या रॅकेट ७ डिसेंबरपर्यंत मिळणार होत्या. परंतु आज, १४ डिसेंबरपर्यंत, त्या मला मिळालेल्या नाहीत. आपल्या ॲपवर ८ डिसेंबरपासून ‘वितरणासाठी रवाना’ एवढीच नोंद दिसते. याबाबत मी ९ व १२ डिसेंबर रोजी आपल्या ग्राहक सेवा केंद्राला दूरध्वनी केला. दोन्ही वेळा दोन दिवसांत रॅकेट पोहोचतील असे सांगण्यात आले, मात्र तसे झाले नाही.
>
> आमच्या शाळेची तालुकास्तरीय स्पर्धा २० डिसेंबर रोजी आहे. सरावासाठी या रॅकेट निदान दोन-तीन दिवस आधी हातात असणे आवश्यक आहे.
>
> तरी, या रॅकेट १७ डिसेंबरपर्यंत माझ्या पत्त्यावर पोहोचवण्याची व्यवस्था करावी. ते शक्य नसल्यास ऑर्डर रद्द करून संपूर्ण रक्कम मी ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी, ही विनंती. यांपैकी काय करणार आहात, ते कृपया १६ डिसेंबरपर्यंत ई-मेलने कळवावे.
>
> सोबत ऑर्डरची पावती व पैसे भरल्याची नोंद जोडली आहे.
>
> आपला/आपली विश्वासू,
> अ. ब. क.

‘महोदय’पासून जोडपत्राच्या ओळीपर्यंत हा मजकूर सुमारे १४० शब्दांचा आहे. प्रश्नात नाव दिले असेल तर तेच खाली लिहावे. नसेल तर अ. ब. क. लिहावे. आपले खरे नाव, पत्ता किंवा मोबाइल क्रमांक उत्तरपत्रिकेत येऊ देऊ नये. ‘आपला/आपली’ यांपैकी लागू असेल तेच ठेवावे, दोन्ही ठेवल्यास छापील नमुना उतरवल्यासारखे दिसते. ‘महोदय/महोदया’ मात्र तसेच ठेवले तरी चालते, कारण अधिकारी कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

शेवटची पाच मिनिटे

पूर्ण ई-मेल पुन्हा वाचत बसण्याऐवजी पेन्सिलीने फक्त क्रियापदांवर खूण करत जावे. प्रत्येक भूतकाळी क्रियापदाजवळ थांबून ते कशाप्रमाणे चालले आहे, ते पाहावे : मागवल्या काय, रॅकेट, भरली काय, किंमत, केला काय, दूरध्वनी. मग तारखा कच्च्या कागदाशी ताडून पाहाव्यात. त्यानंतर ‘तुम्ही’, ‘तुमचा’, ‘तुमची’ कुठे शिरले आहे का, ते शोधावे. शब्दसंख्या १५० च्या वर गेली असेल तर अडचणीच्या परिच्छेदातून कापावे. मागणीच्या परिच्छेदाला हात लावू नये, कारण चौथ्या मुद्द्याचे सगळे गुण त्या तीन वाक्यांत आहेत.